पासवर्ड चुकलेला नाही

जुना प्लेस्टेशन ४ कुणाकडून तरी स्वस्तात मिळतो. मुलगा तो टीव्हीला जोडतो, वाय-फायच्या यादीतून घरचं नाव निवडतो, पासवर्ड टाकतो आणि पडद्यावर येतं की जोडणी झाली नाही, पासवर्ड तपासा. तोच पासवर्ड घरातल्या सगळ्या फोनांवर बिनतक्रार चालू असतो. मग पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून होतो, कन्सोल रीसेट होतो आणि शेवटी विकणाऱ्याला फोन जातो की तुमच्या मशीनचं वाय-फाय खराब आहे. विकणारा बिचारा खरंच सांगत असतो की माझ्याकडे चालत होतं.

अशा वेळी मी आधी एकच विचारतो. राउटर बसवला तेव्हा कुणी ‘सेफ्टी’ म्हणून मॅक फिल्टर चालू केला होता का? बरेचदा उत्तर येतं, हो, बाबांनी किंवा नेट बसवायला आलेल्या माणसाने काहीतरी केलं होतं खरं.

नेटवर्कला जोडणाऱ्या प्रत्येक भागाला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळतो, तो मॅक अ‍ॅड्रेस. दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, म्हणजे एकूण बारा अक्षरं. त्यात 0 ते 9 हे अंक आणि A ते F ही अक्षरं, एवढंच. मॅक फिल्टर म्हणजे राउटरमध्ये ठेवलेली या क्रमांकांची यादी. यादीत असलेल्यांनाच आत घ्यायचं, किंवा यादीतल्यांना सोडून बाकी सर्वांना घ्यायचं, असे दोन प्रकार असतात. पहिला प्रकार रेशनकार्डासारखा. घरात राहता, पण कार्डावर नाव नाही, तर धान्य नाही. नवा कन्सोल त्या कार्डावर नसतो.

चुकीचा संदेश का येतो, त्याचं कारण क्रमात आहे. कन्सोल राउटरला आधी नुसती ‘मला जोडून घे’ अशी विनंती करतो आणि तीत त्याचा मॅक असतो. पासवर्ड जुळतो का हे पाहण्याची पायरी त्यानंतरची. फिल्टर असलेला राउटर पहिल्याच पायरीवर नकार देतो, किंवा काही राउटर उत्तरच देत नाहीत. पासवर्डापर्यंत गोष्ट पोचलेलीच नसते. कन्सोलला नकाराचं खरं कारण कळत नाही, म्हणून तो सर्वांत नेहमीचं कारण छापून मोकळा होतो.

खात्री करायला दोन गोष्टी पुरतात. कन्सोल फोनच्या हॉटस्पॉटला जोडून पाहा. जोडला गेला तर त्याचं वाय-फाय ठणठणीत आहे. मग घरी कधीच नेट न वापरलेला एखादा फोन, शेजाऱ्यांचा चालेल, घरच्या वाय-फायला जोडून पाहा. पासवर्ड बरोबर देऊनही तो अडला, तर बहुधा यादीचाच प्रकार आहे. तो जोडला गेला आणि कन्सोल तेवढा अडला, तर कदाचित उलटी यादी आहे. राउटरच्या अ‍ॅपमध्ये ‘ब्लॉक’ बटण असतं, तेही आतून हेच काम करतं. दहावीच्या परीक्षेआधी दाबलेलं ते बटण निकालानंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता कन्सोलचा क्रमांक. लोक इथे अडतात, कारण त्यांना वाटतं की नेट जोडल्याशिवाय तो दिसणार नाही. पण तो हार्डवेअरमध्येच असतो, नेट नसतानाही दिसतो. प्लेस्टेशन ४ वर Settings, मग System, मग System Information उघडा. तिथे मॅकच्या दोन ओळी दिसतील, एक LAN Cable ची आणि दुसरी Wi-Fi ची. इथेच बहुतेकांची गफलत होते. केबलचा भाग वेगळा, वाय-फायचा वेगळा, म्हणून क्रमांकही वेगळे. वाय-फायसाठी Wi-Fi लिहिलेलाच घ्या, वरचा पहिला दिसला तो नव्हे. प्लेस्टेशन ५ वर या दोन्ही ओळी Settings, System, System Software, Console Information इथे आहेत. निन्टेन्डो स्विचवर System Settings मधल्या Internet मध्ये System MAC Address मिळतो. एक्सबॉक्सवर Network settings मध्ये Advanced settings उघडा आणि Wireless MAC घ्या. तिथेच Alternate MAC address ही सोय आहे. आधीच्या मालकाने तिथे काही भरलं असेल तर ते पुसून टाका, नाहीतर यादीत एक क्रमांक आणि कन्सोल सांगतो दुसराच, असं होईल.

क्रमांक हाताने उतरवू नका, पडद्याचा फोटो काढा. समजा तो असा आहे:

```
00:00:5E:00:53:8B
```

शेवटची जोडी घाईत 88 किंवा BB लिहिली जाते. गोल दिसणारं शून्यच असतं, O हे अक्षर या मोजणीत येतच नाही. D मात्र येतं. काही राउटरना मध्ये कोलन लागतो, काहींना आडवी रेघ, काहींना काहीच नको.

मग राउटरचं पान उघडा, बहुतेक घरांत 192.168.0.1 किंवा 192.168.1.1, आणि Wireless खाली MAC Filtering शोधा. माझा सल्ला असा की आधी फिल्टर तात्पुरता बंद करा. कन्सोल लगेच जोडला गेला तर निदान पक्कं झालं. शिवाय जोडलेल्या उपकरणांच्या यादीत त्याचा मॅक आयता दिसतो, तिथून तो फिल्टरमध्ये चिकटवता येतो. मग फिल्टर पुन्हा चालू करा, पण तुमचा स्वतःचा फोन यादीत आहे ना हे आधी पाहा. नसेल तर तुम्हीच बाहेर पडाल आणि राउटरपर्यंत पोचायला लॅपटॉपला केबल लावावी लागेल.

एवढं करूनही अडलं, तर पट्टा पाहा. दोन पट्ट्यांच्या अनेक राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या याद्या वेगवेगळ्या असतात. २०१३चा मूळ प्लेस्टेशन ४ फक्त २.४वर चालतो. त्याचा क्रमांक ५च्या यादीत भरून काहीच होत नाही.

आता माझं मत. घरच्या राउटरवर मॅक फिल्टर ठेवूच नये. मॅक अ‍ॅड्रेस हवेतून उघडाच जातो. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी प्रत्येक संदेशाच्या पाकिटावर मॅक वाचता येतो, आणि ज्याला घुसायचंच आहे तो तुमच्या फोनचा मॅक स्वतःच्या लॅपटॉपला लावू शकतो. वर २०१९च्या अँड्रॉइड १० आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन खरा मॅक लपवून प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट क्रमांक वापरतात. मॅकचं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर तो बहुधा असा बनावट आहे. फोनवर ते नेटवर्क पुसून किंवा ही सोय बदलून पाहिली की क्रमांक बदलू शकतो आणि काल चालणारा फोनही बाहेर. म्हणजे चोर अडत नाही, घरचे अडतात.

हॉस्टेलमध्ये किंवा पीजीत फिल्टर तुमच्या हातात नसतो. तिथे वाय-फायचा मॅक लिहून व्यवस्थापकाला द्या आणि कन्सोल कोणत्या पट्ट्यावर चालतो तेही सांगा. स्वतःच्या घरी मात्र फिल्टर बंद करा, WPA2 किंवा WPA3 ठेवा, पासवर्ड चांगला लांब घ्या आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं चालू करा.