एका मिनिटात दोन कुकर

माझी भाची स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर एक-एक मिनिटाचे शॉर्ट करते. दोन वस्तू शेजारी-शेजारी ठेवायच्या, एकच काम दोघींना द्यायचे आणि शेवटी विजेता सांगायचा. या वेळी तिने कुकर निवडले. एक हॉकिन्स क्लासिक, म्हणजे झाकण आत जाऊन बसणारा, आणि दुसरा प्रेस्टिज पॉप्युलर, म्हणजे झाकण वरून फिरवून लावायचा. दोन्ही ॲल्युमिनियमचे, दोन्ही पाच लिटरचे. निवड इथवर चोख होती. तीन लिटरचा कुकर पाचाशी किंवा स्टीलचा ॲल्युमिनियमशी लावला असता, तर पुढचे सगळे फोल ठरले असते.

घोळ तिच्या पहिल्या कल्पनेत होता. "मावशी, ज्याची शिट्टी आधी होईल तो जिंकला," ती म्हणाली. बघायला हे रंगतदार, पण यातून ठरत काहीच नाही. पहिली शिट्टी कधी होते हे आत पाणी किती आहे, तळ किती रुंद आहे आणि कुकर शेगडीच्या लहान बर्नरवर आहे की मोठ्या, यावर अवलंबून असते. पुढच्या शिट्ट्यांचेही तसेच. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर सोडणे. आच मोठी ठेवली तर शिट्ट्या भराभर होतात, पण म्हणून डाळ लवकर शिजत नाही. घरगुती कुकरमध्ये वाफेचा दाब साधारण एक किलोपर्यंत चढतो आणि त्या दाबाला पाणी शंभराऐवजी सुमारे 120 अंशांना उकळते. डाळ शिजवते ती ही उष्णता, आणि ती दोन्ही कुकरांत जवळजवळ सारखीच असते.

मग आम्ही खरी चाचणी ठरवली. एकाच पाकिटातली तूरडाळ, दोन्हींत एक-एक वाटी, एकदमच भिजवलेली. डाळीचे पाणी आणि कुकरच्या तळाशी घालायचे पाणी, दोन्ही मापून. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करायची, तिथून दहा मिनिटे मोजायची, गॅस बंद करायचा आणि वाफ आपोआप उतरू द्यायची. शिट्टी चमच्याने उचलून एकाची वाफ आधी काढली तर तो डाव तिथेच बाद, कारण वाफ उतरत असतानाही डाळ शिजतच असते. कुकर पूर्ण गार झाल्यावर शेगड्यांची अदलाबदल करून सगळे पुन्हा. हा दुसरा डाव बहुतेक शॉर्टमध्ये नसतो, आणि नेमका तोच शेगडीचा गुण कुकरच्या नावावर जमा होऊ देत नाही.

डाळीचा दाणा दोन बोटांत दाबून पाहिला. दोन्हीकडे सारखाच मऊ, मध्ये कणी नाही. भाचीचा चेहरा उतरला. "मग दाखवू काय?" मी म्हटले, हेच दाखव. शिजवण्यात दोघे बरोबरीत आहेत ही बघणाऱ्याच्या उपयोगाची बातमी आहे. या मुद्द्यावर ओढूनताणून विजेता काढला असता, तर तो खोटा निघाला असता.

फरक आहे तो झाकणात, आणि तो जवळून दाखवण्यासारखा आहे. हॉकिन्सचे तोंड लंबगोल आणि पोटापेक्षा लहान. झाकण तिरके करून आत उतरवायचे, मग वळवून वर ओढायचे. आत दाब वाढला की वाफच झाकणाला आतून तोंडाच्या कडेवर दाबून धरते. त्यामुळे दाब असेपर्यंत ते कितीही जोर लावला तरी उघडत नाही, कारण उघडण्यासाठी ते आधी खाली ढकलावे लागते आणि खालून वाफ रेटत असते. ज्या घरात मुले घाईने कुकर उघडायला धावतात, तिथे हा गुण मोठा आहे.

प्रेस्टिजचे झाकण बाहेरून बसते, म्हणून भांड्याचे तोंड सगळे मोकळे राहते. डबे सरळ आत जातात, सरळ बाहेर येतात. आत हात घालून तळ घासता येतो. वाफेची वाट कोंडली आणि दाब फार चढला, तर झाकणाच्या कडेला ठेवलेल्या खिडकीतून रिंग बाहेर ढकलली जाते आणि वाफ निघून जाते. ती खिडकी कॅमेऱ्यासमोर बोट ठेवून दाखवावी, कारण कुकर रोज वापरणाऱ्यांपैकीही अनेकांनी ती कधी निरखलेली नसते. वाफ पूर्ण उतरल्याशिवाय झाकण फिरवायचे नाही, हे मात्र वापरणाऱ्याने पाळायचे.

सुरक्षिततेच्या बाबतीत एकाला पास आणि दुसऱ्याला नापास करायचे कारण नाही. घरगुती कुकरला 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि दोघांनाही एकाच मानकात बसावे लागते. कुकर कोंडतो तो बहुधा आपण काठोकाठ भरल्यामुळे. डाळ-तांदूळ फुगतात, फेस करतात, आणि तो फेस शिट्टीच्या नळीत अडकतो. म्हणून अशा पदार्थांसाठी दोन्ही कुकर निम्म्यापर्यंतच भरायचे.

आता विजेता. आमच्या घरी एका वेळी वरण, भात आणि बटाटे असे तीन डबे एकावर एक लागतात, आणि कुकर लावते ती माझी आई, जिची बोटे संधिवाताने आखडली आहेत. तिला झाकण तिरके करून आत उतरवणे जड जाते आणि गरम डबा अरुंद तोंडातून काढताना चिमटा तोंडाला अडतो. या घरासाठी प्रेस्टिज पॉप्युलर सरस. भाचीने शॉर्टमध्ये वाक्य असे म्हटले: "डाळ दोन्हींत सारखी शिजली. झाकण चुकून उघडू नये यात हॉकिन्स पुढे. डबे लावणे, काढणे आणि घासणे यांत प्रेस्टिज पुढे. आमच्या घरी रोज तीन डबे लागतात, म्हणून आमची निवड प्रेस्टिज." हरणाऱ्याचा गुण आधी, मग निकाल, आणि निकालाचे कारण त्याच वाक्यात.

तिच्या पहिल्या मसुद्यात "हॉकिन्स विसरा" असे शीर्षक होते. ते काढले. भारतीय जाहिरात मानक परिषद जाहिरातींमधल्या तुलनेला मनाई करत नाही. पण कशाची तुलना चालली आहे ते स्पष्ट हवे, एकाला कृत्रिम फायदा मिळेल असा मुद्दा निवडू नये, जे सांगाल ते सिद्ध करता यावे आणि दुसऱ्याची नालस्ती नको, अशा तिच्या अटी आहेत. शॉर्ट ही जाहिरात नसली तरी या अटी तिथे जशाच्या तशा लागू कराव्यात. कंपनीने कुकर फुकट दिला असेल, तर परिषदेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे तेही व्हिडिओवर लिहावे लागते. भाचीने दोन्ही कुकर पैसे मोजून आणले होते, आणि तिने पहिल्याच दृश्यात तसे लिहिले.

हा निकाल सगळ्या घरांना लागू नाही. तुम्ही डबे लावतच नसाल, आमटी-उसळ थेट कुकरमध्येच फोडणी देऊन करत असाल, तर प्रेस्टिजचा मोकळ्या तोंडाचा फायदा निम्मा उरतो आणि हॉकिन्सचे आतून घट्ट होणारे झाकण मोलाचे ठरते. दुकानात जाताना घरातला सगळ्यात रुंद डबा पिशवीत टाकून न्या आणि कुकर लावणाऱ्या माणसाला बरोबर घ्या. डबा आत घालून बाहेर काढायला सांगा, झाकण दोनदा लावून उघडायला सांगा. ज्या कुकरवर त्यांचा हात सहज फिरेल, तोच घ्या.