काय आणायचे, आणि कशासाठी

निवडणूक जाहीर झाली की शाळा, बँका आणि शासकीय कचेऱ्यांत एक कागद येतो. वर कर्मचाऱ्याचे नाव व पदनाम, खाली प्रशिक्षणाची तारीख, वेळ आणि ठिकाण. सोबत काय आणायचे याची एक ओळ असते. शेवटी लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १३४ ची आठवण, म्हणजे गैरहजर राहाल तर कारवाई होईल. मतदान अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाला हजर राहण्याबाबतचे आदेश साधारण असेच असतात. माझे म्हणणे एवढेच, की या कागदात धमकीला जेवढी जागा मिळते तेवढी ‘सोबत काय आणावे’ या ओळीला आणि त्यामागच्या कारणाला मिळाली पाहिजे. कारण न सांगितलेली सूचना लोक सोडून देतात. आणि ही एक सूचना सुटली तर इतरांचे मतदान पार पाडणाऱ्या माणसाचे स्वतःचे मत जाऊ शकते.

हे कसे घडते ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात नीट दिसते, कारण हा एकच जिल्हा दोन लोकसभा मतदारसंघांत विभागलेला आहे. शहरातले पूर्व, मध्य आणि पश्चिम, तसेच कन्नड, गंगापूर आणि वैजापूर हे विधानसभा मतदारसंघ औरंगाबाद लोकसभेत येतात. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण मात्र जालना लोकसभेत. २०२४ मध्ये दोन्हीकडे १३ मे रोजीच मतदान होते. आता अशी एक शिक्षिका कल्पा, जिचे नाव फुलंब्रीच्या यादीत आहे, शाळा शहरात आहे आणि निवडणुकीचे काम औरंगाबाद मध्यमधल्या केंद्रावर लागले आहे. ज्या मतदारसंघात नाव, त्याच मतदारसंघात काम असेल तर नमुना १२-अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळते. त्याला सगळे ईडीसीच म्हणतात. ते दाखवून कामाच्या केंद्रावरच यंत्रावर मत देता येते. आपल्या शिक्षिकेला ही सोय नाही. तिला नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागावी लागते. तो अर्ज जालन्याच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जाणार, मतपत्रिका तिथून निघून इकडे येणार, आणि ती प्रशिक्षणस्थळीच्या सुविधा केंद्रात मत नोंदवणार. २०२३ च्या नियमबदलानंतर निवडणूक कामावरच्या मतदाराने टपाली मत सुविधा केंद्रातच द्यायचे आहे. मतपत्रिका घरी नेऊन सवडीने पोस्टात टाकण्याची मोकळीक उरलेली नाही.

नियमाप्रमाणे नमुना १२ मतदानाच्या किमान सात दिवस आधी पोहोचायला हवा आणि नमुना १२-अ किमान चार दिवस आधी. निवडणूक निर्णय अधिकारी ही मुदत कमी करू शकतात, पण एका मतदारसंघातून दुसऱ्यात मतपत्रिका यायची असेल तर सवलतीवर विसंबणे धोक्याचे. दोन्ही अर्जांत यादी भाग क्रमांक आणि त्या भागातला अनुक्रमांक भरायचा असतो. नेमके तेच ओळखपत्रावर भरवशाने मिळत नाहीत. ओळखपत्र पुष्कळदा जुने असते आणि यादी दर पुनरीक्षणात बदलते, त्यामुळे ते चालू यादीतून काढून आणावे लागतात. आदेशात नुसते ‘मतदार ओळखपत्राची छायांकित प्रत सोबत आणावी’ असे असेल तर माणूस इमानेइतबारे प्रत आणतो आणि अर्जातले ते दोन रकाने कोरे सोडून जातो. त्याऐवजी असे लिहिले तर? ‘चालू यादीतला आपला मतदारसंघ, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून आणा, त्याशिवाय तुमचा मतदानाचा अर्ज पूर्ण होणार नाही.’ शब्द थोडे वाढतात आणि काम होते.

दुसरी गोची जुन्या मसुद्याची. २०२४ मध्येच २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. तिथे मतदारसंघ विधानसभेचा असतो, आणि कर्मचाऱ्याला सहसा त्याच्या राहत्या वा नोकरीच्या विधानसभा मतदारसंघात काम देत नाहीत. म्हणजे लोकसभेला ज्या अनेकांचे ईडीसीवर भागते, त्यांनाही विधानसभेला नमुना १२ लागतो. मे महिन्याच्या आदेशावर नुसती तारीख बदलून नोव्हेंबरचा आदेश काढला तर कागद दिसायला अचूक असतो आणि सूचना चुकीची असते. सरमिसळ तीन टप्प्यांत होत असल्याने पहिल्या प्रशिक्षणाच्या वेळी आपल्या कामाचा मतदारसंघ कर्मचाऱ्याला माहीतच नसतो. कोणता नमुना भरायचा हे त्याने ओळखावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

यावर एक आक्षेप येतो, की हे सारे प्रशिक्षक सभागृहात समजावतातच. समजावतात, पण तोवर आणायची वस्तू घरी राहिलेली असते. सोयगावहून अजिंठ्याचा घाट चढून आलेल्याला ‘जाऊन घेऊन या’ म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता यादीतले नाव मोबाइलवर दोन मिनिटांत सापडते. खरे आहे. पण त्याच आदेशात ‘सभागृहात भ्रमणध्वनी बंद ठेवावा’ हेही असते. शिवाय शेकडो लोक एकाच वेळी एकाच संकेतस्थळावर नाव शोधू लागले की दोन मिनिटांचा हिशेब टिकत नाही. तिसरे म्हणणे असे, की आदेश हा कायदेशीर कागद, त्यात कारणमीमांसा कशाला? पण नुसत्या कायद्याच्या धाकाने भागत नाही. कलम १३४ तरी कुठे मोठे भय घालते? त्यातला दंड पाचशे रुपयांपर्यंतचा. खरा वचक कारणे दाखवा नोटिशीचा आणि निलंबनाचा असतो. हा वचक माणसाला खुर्चीवर आणून बसवतो, त्याच्या पिशवीत काय आहे ते ठरवत नाही.

वेळापत्रकाचेही तसेच. आदेशात ‘सकाळी १० वाजता’ असते, पण दुपारच्या सत्रात यंत्र हाताळायचे आहे हे नसते. मग सही करून निघण्याची घाई होते. ज्याने हाताने अभिरूप मतदान केलेले नाही, त्याची चूक मतदानाच्या दिवशी कळते. त्या पहाटे मतदान प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मते टाकायची, क्लोज आणि रिझल्ट दाबून निकाल जुळवायचा, मग क्लिअर दाबायचे आणि व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून मोहोरबंद करायच्या. क्लिअर राहून गेले तर पन्नास मते खऱ्या मतांत मिसळतात. ही चूक लपत नाही. यंत्रातला एकूण आकडा नमुना १७-अ च्या नोंदवहीपेक्षा तितकाच जास्त भरतो, आणि तेव्हा केंद्राध्यक्षाच्या हाती अहवाल लिहिण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. ‘दुपारी प्रत्येकाने यंत्र स्वतः जोडून, चालवून दाखवायचे आहे’ एवढे आदेशात असते, तर निघण्याची घाई थोडी तरी कमी झाली असती.

वर्तनाच्या सूचनांपैकी एकीचा तेवढा उल्लेख करतो. ‘निःपक्ष राहावे’ हे वाक्य सगळ्यांनाच मान्य असते, म्हणून कुणी ते वाचत नाही. कलम १२९ मात्र निवडणुकीच्या कामावरच्या माणसाला कुठल्याही उमेदवाराला फायदा होईल अशी कृती करण्यापासून रोखते, स्वतःचे मत देणे तेवढे सोडून, आणि त्याला शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैदेची आहे. नियुक्तीचा आदेश खिशात असताना गावच्या व्हॉट्सअॅप गटावर प्रचाराची चित्रफीत पुढे ढकलणाऱ्या गुरुजींना हे कलम आपल्याला लागू आहे असे वाटतच नाही. आदेशात ‘निःपक्ष’ या शब्दाऐवजी गट, स्टेटस आणि चित्रफीत हे शब्द लिहिले, तर निदान वाचणाऱ्याला कळेल की हे त्यालाच उद्देशून आहे.