‘तुझ्या काही वस्तू माझ्याकडे आहेत’

दिवाळीची सुट्टी संपून हॉस्टेल पुन्हा भरलं होतं. दिवा मालवून आम्ही दोघी नुकत्याच पडलो होतो, तेवढ्यात मोबाईलवर निरोप आला. रात्रीचे अकरा चाळीस. ‘तुझ्या काही वस्तू माझ्याकडे पडून आहेत. एकदा भेटून परत करतो. मला क्लोजर पाहिजे.’ सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमचं संपलं होतं आणि मधल्या दोन महिन्यांत दोन्हीकडून एक अक्षर नव्हतं. तो निरोप मी त्या रात्री किती वेळा वाचला, हे इथे सांगत नाही. या अंकाचे संपादक आमच्याच वर्गाला शिकवतात.

सकाळी मेसमध्ये गोष्ट फुटली आणि दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, ‘जाऊ नको गे, परत गुंतवायला बघतोय.’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘सभ्य मुलगा आहे, वस्तू परत देतोय, जाऊन घेऊन ये की.’ दोन्ही पक्ष त्याच तीन वाक्यांवरून निकाल देत होते. मला वाटतं, चूक तिथेच होते. असा निरोप खऱ्या शेवटासाठी आहे की दार किलकिलं करण्यासाठी, हे त्यातल्या शब्दांवरून कळत नाही. कारण दोन्ही हेतूंची माणसं अगदी हेच शब्द वापरतात, आणि पुष्कळदा लिहिणाऱ्यालाही आपला हेतू धड ठाऊक नसतो.

मुळात शेवट करण्याची भाषाच आपल्याकडे नाही. आमच्या गावात निरोप घेताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. माझी रूम-मेट गोकाकची, घरी कन्नड बोलणारी. तीही उठताना ‘बर्तेनि’ म्हणते, म्हणजे तेच, ‘येते’. कायमचं जायचं असलं तरी ‘येते’ म्हणूनच जायचं, अशी आपली दोन्ही भाषांतली रीत. मग खरोखरच संपवायचं असलं की इंग्रजीतून ‘क्लोजर’ उसना घ्यावा लागतो.

या शब्दाला मानसशास्त्रात एक नेमका अर्थ आहे. आरी क्रुग्लान्स्की या मानसशास्त्रज्ञाने त्यावर बरंच काम केलं, आणि ही गरज मोजण्याची त्याची आणि डोना वेब्स्टरची प्रश्नावली १९९४ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या मते ही गरज म्हणजे अनिश्चितता नको वाटणं, कोणतं का असेना पण एक पक्कं उत्तर हवं असणं. यातला ‘कोणतं का असेना’ हा भाग मला महत्त्वाचा वाटला. ज्याला खरोखर क्लोजर हवं आहे, त्याला कडू उत्तरही चालतं. ते पक्कं असलं म्हणजे झालं. पक्कं उत्तर मिळाल्यावरही जो तोच प्रश्न पुन्हा विचारतो, त्याला दुसरं उत्तर हवं आहे. हे फरक ओळखायला फार उपयोगी पडतं, पण त्याकडे मी नंतर येते.

आधी वस्तूंकडे. माझ्या तीन वस्तू त्याच्याकडे होत्या: एक रेनकोट, एक स्टीलचा डबा आणि कॉलेजच्या ग्रंथालयातलं सांख्यिकीचं पुस्तक. रेनकोट आणि डबा सोडून देता आले असते. डब्याबद्दल आईने दोनदा विचारलं होतं, तरीही. पण पुस्तक माझ्या कार्डावर होतं. परत करायची तारीख १२ सप्टेंबर, त्यानंतर रोज एक रुपया दंड, आणि ग्रंथालयाचं ‘नो ड्यूज’ मिळाल्याशिवाय परीक्षेचा अर्ज पुढे सरकत नाही. म्हणजे ‘राहू दे तुझ्याकडेच’ असं बाणेदार उत्तर देण्याची मला सोय नव्हती. असं बहुतेकांचं होतं. परत मागायच्या ढिगात एखादी तरी वस्तू खरोखरच लागणारी असते, कुणाची गुणपत्रिका, कुणाची गाडीची चावी, आणि तिच्या आधाराने बाकी सगळा ढीग उभा राहतो.

तेव्हा पहिली गोष्ट करायची ती अशी, की वस्तू आणि भेट या दोन मागण्या वेगळ्या काढायच्या. त्याच्या निरोपात त्या एकाच वाक्यात बांधलेल्या होत्या: ‘भेटून परत करतो.’ मी दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर लिहिलं. मुद्दाम दुपारी, कारण रात्री अकरा चाळीसला लिहिलेलं उत्तर काय असलं असतं ते मला माहीत आहे. लिहिलं ते एवढंच: ‘रेनकोट, डबा आणि ग्रंथालयाचं पुस्तक. तिन्ही तुझ्या मावसभावाकडे दे, तो आमच्याच कॉलेजात आहे. पुस्तकाला दंड चालू आहे, म्हणून या आठवड्यात.’ तो उद्यमबागेत एका कारखान्यात नोकरीला आहे आणि मावसभाऊ त्याच्याच घरी राहतो. यात अडचण काहीच नव्हती.

दोन दिवसांनी मावसभाऊ व्हरांड्यात भेटला. ‘ताई, हे दादाने दिलंय,’ म्हणून त्याने एक पिशवी दिली. तीत फक्त रेनकोट होता, धुऊन, घडी घालून. रात्री निरोप आला: ‘इतकं कोरडं वागायचं होतं का? पुस्तक मी स्वतः देईन. किल्ल्याच्या तलावाजवळ ये, आपण नेहमी बसायचो तिथे.’

वस्तू हप्त्याने परत येऊ लागल्या की सावध व्हावं, असं माझं मत त्या पिशवीमुळे झालं. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली कबुतरांवरचे प्रयोग छापले. प्रत्येक टोचणीला दाणा मिळत असेल आणि मग तो बंद झाला, तर कबूतर लवकर थांबतं. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असेल, तर दाणा बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ टोचत राहतं. तो मुद्दाम कबूतर पाळायला निघाला होता असं मी म्हणत नाही. पण रेनकोट आल्यापासून पुस्तक कधी येईल म्हणून मी रोज मोबाईल बघू लागले होते. दोन महिन्यांत जे जमलं होतं, ते त्या एका घडीने मोडलं. भेटीची जागाही पाहा. पुस्तक द्यायला आठवणींच्या जागेची गरज नसते.

याच्या उलट उदाहरण माझ्या रूम-मेटचं. तिलाही गेल्या वर्षी असाच निरोप आला होता, कन्नडमधून, जवळजवळ याच शब्दांत. तिने तिसऱ्या माणसाकडे द्यायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘चालेल, तसंच करतो. पण मला एक गोष्ट विचारायची आहे. सांगायचं नसेल तरी हरकत नाही.’ ती मग आपणहून कँटीनमध्ये भेटली, सकाळी अकराच्या सुमाराला, सगळी गर्दी असताना. त्याने पुठ्ठ्याचा एक खोका आणला होता आणि वर यादी चिकटवली होती. त्याने विचारलं, ‘घरच्यांमुळे नाही म्हणालीस की माझ्यामुळे?’ ती म्हणाली, ‘तुझ्यामुळे.’ ऐकायला कठीण उत्तर होतं. तो थोडा वेळ गप्प बसला, चहाचे पैसे देऊन उठला, आणि त्यानंतर त्याचा निरोप आलेला नाही. क्रुग्लान्स्कीचा अर्थ मला पुस्तकापेक्षा त्या खोक्यावरून जास्त समजला. त्याने भेटीवाचून वस्तू द्यायला होकार दिला होता, आणि उत्तर मिळाल्यावर प्रश्न संपला होता.

म्हणून मी दुसरी गोष्ट केली. त्याला जे विचारायचं असेल त्याचं उत्तर भेटीआधीच लिहून पाठवलं. ‘मी परत येणार नाही. कारण तुला तेव्हाच सांगितलं होतं: माझं पुढे शिकणं तुला दोन वर्षं मान्य होतं आणि मग अचानक नव्हतं. यात बदल झालेला नाही.’ त्यावर त्याचं उत्तर आलं: ‘हे भेटून बोललीस तर वेगळं वाटेल.’ वेगळं वाटेल! मला हवं होतं ते त्या एका वाक्यात कळलं. त्याच्यावर रागही आला नाही. एखाद्याला तुम्ही परत हवे असणं हा काही गुन्हा नाही.

गुन्हा कुठे सुरू होतो तेही इथेच सांगते, कारण कॉलेजात याची नीट माहिती नसते. मुलीने स्पष्ट नाही म्हटल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, पाठलाग करणं हा कायद्याने गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. धमकी असेल, फोटो दाखवीन अशी भाषा असेल, तर हेतू वाचत बसू नये. भेटायला जाऊ नये, वस्तू गेली तर जाऊ द्यावी, आणि घरात किंवा कॉलेजात मोठ्या माणसाला लगेच सांगावं. माझ्या बाबतीत तसं काही नव्हतं. तो हट्टी आहे, वाईट नाही.

आता माझ्या बाजूचं, कारण एवढं लिहून ते लपवलं तर लेख खोटा ठरेल. रूम-मेटने एक दिवस सहज विचारलं, ‘आणि त्याच्या वस्तू तुझ्याकडे काय आहेत?’ पलंगाखाली त्याचं हेल्मेट होतं. माझ्या यादीत तीन वस्तू होत्या, तिन्ही माझ्या. त्याच्या हेल्मेटचा उल्लेख मी केला नव्हता. विसरले म्हणावं तर खोली झाडताना रोज ते बाजूला सरकवत होते. वस्तू वेगळी आणि भेट वेगळी, हा हिशेब मी त्याला शिकवला, पण माझ्या पलंगाखाली एक भेट मी शिल्लक ठेवली होती. दुसऱ्याचा निरोप वाचताना आपण फार हुशार असतो.

मग मी लिहिलं: ‘गुरुवारी दुपारी एक वाजता ग्रंथालयाच्या काउंटरपाशी ये. पुस्तक तिथेच जमा करायचं आहे. मी दहा मिनिटं थांबेन.’ तो येणार नाही असं वाटलं होतं, पण आला. कामावरून थेट आला असावा, हातांना ग्रीस होतं. डबाही आणला होता. काउंटरवरच्या सरांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि तारखा मोजल्या. १२ सप्टेंबर ते १३ नोव्हेंबर, बासष्ट दिवस, बासष्ट रुपये. ‘मी भरतो,’ तो म्हणाला. मी नको म्हटलं आणि स्वतः भरले. सरांनी पावती फाडून दिली.

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला हेल्मेट दिलं. ‘हे तुझ्याकडे होतं होय,’ एवढंच तो म्हणाला. तलावाचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही. निघताना सवयीने माझ्या तोंडात ‘येते’ आलं होतं. ते मी गिळलं आणि नुसती मान हलवली.