शिट्टी वाजली म्हणजे उशीर झाला

१/
अग्निशमनाच्या इतिहासावर समाजमाध्यमांत जे लिहिले जाते, त्याचा साचा ठरलेला आहे. आग लागते, शूर जवान आत शिरतो, धुरात हरवतो, हुतात्मा होतो. पुढे तंत्रज्ञान सुधारते आणि प्रश्न सुटतो. मला या साच्याशी भांडायचे आहे. शौर्य खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु या कथनात मृत्यूचे कारणच हरवते. धुरात गेलेल्या कित्येक जवानांच्या बाबतीत धैर्य कमी पडलेले नव्हते आणि यंत्रही बिघडलेले नव्हते. चुकली होती ती वजाबाकी.

२/
लंडन, २३ जानेवारी १९५८. स्मिथफील्डच्या मांसबाजारातील पोल्ट्री मार्केटच्या तळघरात आग लागली. वर बाजार आणि खाली शीतगृहांच्या खोल्यांचे, अरुंद बोळांचे जाळे. धूर बाहेर पडायला वाट नाही, ज्वाळा कोठे आहेत ते दिसत नाही. पहिल्याच टप्प्यात क्लार्कनवेल अग्निशमन केंद्राचे दोघे, एक स्टेशन ऑफिसर आणि एक फायरमन, त्या चक्रव्यूहात हरवले. ते सापडले तेव्हा मृत होते. त्यांच्याजवळचा ऑक्सिजन संपलेला होता. आग पुढे तीन दिवस धुमसत राहिली आणि इमारत नष्ट झाली. आज तेथे दिसणारी काँक्रीटच्या भव्य घुमटाची वास्तू त्यानंतरची आहे.

३/
त्या काळी लंडनचे जवान ‘प्रोटो’ नावाचे श्वसनयंत्र वापरीत. छातीवर एक पिशवी, लहानसा ऑक्सिजन सिलिंडर, आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे रसायन. तोच श्वास शुद्ध होऊन फिरून फिरून वापरला जाई, म्हणून हे यंत्र साधारण तासभर पुरे. सिलिंडरला दाबमापक होता. परंतु धुराने भरलेल्या तळघरात तो वाचायचा कसा? आणि मुख्य प्रश्न असा की कोण आत गेला, किती वाजता गेला आणि त्याने किती वाजता परतायला हवे, याचा भरवशाचा हिशेब बाहेर कोणाकडे असे?

४/
याच प्रश्नातून स्मिथफील्डचा खरा ऐतिहासिक वारसा जन्मला. त्याच वर्षी ब्रिटिश अग्निशमन दलांना जी कार्यपद्धती सांगण्यात आली, तिच्या केंद्रस्थानी नवे यंत्र नव्हते. एक बिल्ला आणि एक पाटी होती. आत जाताना जवानाने आपला बिल्ला दाराशी उभ्या असलेल्या नियंत्रण अधिकाऱ्याकडे द्यायचा. बिल्ल्यावर नाव, सिलिंडरमधील दाब आणि प्रवेशाची वेळ. अधिकारी त्यावरून हवा कधी कमी पडेल ते गणित करून पाटीवर मांडणार, आणि त्या वेळेपर्यंत जवान परतला नाही तर राखीव तुकडी आत पाठवणार. कमी दाबाची सूचना देणारी शिट्टी हवी, ही मागणीही याच काळात पुढे आली. म्हणजे शिट्टी ही पाटीची धाकटी बहीण होती. आपण मात्र धाकटीलाच घराची कर्ती करून बसलो.

५/
माझा आक्षेप नेमका येथे आहे. ‘शिट्टी वाजली की बाहेर पडा’ हे वाक्य इतक्यांदा उच्चारले जाते, की तो नियमच आहे असे वाटू लागते. ब्रिटिश पद्धतीचा अर्थ मुळात उलट आहे: शिट्टी वाजायच्या वेळेस जवान दाराशी परतलेला असावा. शिट्टीनंतर उरणारी हवा वापरायची नसून राखायची असते. पाय अडकला, वाट चुकली, छत कोसळले तरच तिला हात लावायचा.

६/
आता आकड्यांकडे वळू. आजच्या यंत्रात ऑक्सिजन नसून दाबाखाली भरलेली साधी हवा असते. समजा सिलिंडर ६.८ लिटरचा आहे. दाबाच्या प्रत्येक ‘बार’मागे त्यात ढोबळमानाने ६.८ लिटर श्वसनयोग्य हवा. दाब २९० बार असेल तर सुमारे १,९७० लिटर. कागदी हिशेबात मिनिटाला ४० लिटर खप धरतात. म्हणजे सिलिंडर ४९ मिनिटांचा. हा आकडा पाहून माणूस निश्चिंत होतो, आणि घात तेथेच सुरू होतो. अवजड होज ओढत, उष्णतेत रांगत शोध घेणारा जवान मिनिटाला ८० लिटरही सहज ओढतो. युरोपीय मानकानुसार शिट्टी सुमारे ५५ बारवर वाजते. तेव्हा उरलेली हवा ३७४ लिटर. शांत श्वासाला ती नऊ मिनिटे पुरेल, धापा टाकणाऱ्याला पाच मिनिटेही नाही. शिट्टी तीच, अर्थ दोन.

७/
एक प्रसंग कल्पू. जवान २९० बारवर आत शिरला. आगीच्या ठिकाणी पोचायला त्याला ८ मिनिटे लागली आणि दाबमापक २३० वर आला. येतानाचा खर्च ६० बार. आता तो शिट्टीची वाट पाहत काम करतो. मिनिटाला ८० लिटरच्या वेगाने पंधरा मिनिटांत दाब ५५ वर येतो आणि शिट्टी वाजते. तो आज्ञाधारकपणे वळतो. परंतु येताना ६० बार लागले होते आणि हाती ५५ आहेत. आला त्याच शांत श्वासाने परतला, तरी दारापासून सुमारे ४० सेकंदांच्या अंतरावर त्याची हवा संपेल. थकव्याने श्वास ८० लिटरवर गेला असेल, तर दार तीन मिनिटांहून अधिक दूर असतानाच. या जवानाने नियम मोडलेला नाही. नियमच त्याला मारणारा आहे.

८/
योग्य हिशेब पोचल्या क्षणी करायचा असतो. येण्याचा खर्च ६० बार, म्हणून परतीसाठी ६०. त्यावर राखीव ६०. बेरीज १२०. दाबमापक १२० दाखवील तेव्हा काम जेथे असेल तेथे सोडून वळायचे; हाच परतीचा दाब. म्हणजे प्रत्यक्ष कामाला २३० ते १२०, एवढे ११० बार मिळतात. धापा टाकत ती जेमतेम नऊ मिनिटे. आठ जाण्याची, नऊ कामाची, आठ येण्याची: ‘४९ मिनिटांचा’ सिलिंडर २५ मिनिटांचा निघाला! आणि परतताना श्वास ८० लिटरवर गेला तर? आठ मिनिटांना ९४ बार लागतील. वाटेत शिट्टी वाजेल, राखीव हवा खाल्ली जाईल, तरी २६ बार शिल्लक ठेवून जवान दाराबाहेर असेल. राखीव हवा यासाठीच असते.

९/
येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. तुकडीचा हिशेब सरासरीवर चालत नाही. ज्याच्या सिलिंडरमध्ये सर्वांत कमी दाब, त्याच्या आकड्यावर सगळे वळतात. अंगाने दणकट, सर्वांत पुढे राबणारा जवानच बहुधा सर्वाधिक हवा ओढतो, म्हणून तुकडीचे घड्याळ त्याच्याच छातीत असते. ‘मला पुरेल, तू हो पुढे’ हे वाक्य नाटकात शोभून दिसते; धुरात त्यामुळे जोडी फुटते आणि दोघेही एकटे पडतात.

१०/
कोणी म्हणेल की ही जुनी कथा झाली. तर मग १४ मार्च २००१, अमेरिकेतील फिनिक्स शहर. एका सुपरमार्केटच्या आगीत हवा कमी झाली म्हणून तुकडी होजच्या आधाराने परत निघाली होती. त्या परतीच्या वाटेवर एक जवान तुकडीपासून तुटला, त्याने मदतीची हाक दिली, साथीदार त्याच्यापर्यंत पोचलेही. तरी तो वाचला नाही. त्यानंतर त्या दलाने बचावाचे शेकडो सराव करून पाहिले. निष्कर्ष असा: एका अडकलेल्या जवानाला बाहेर काढायला सुमारे १२ जण लागतात, बचावकर्त्यांपैकी पाचांतला एक स्वतःच संकटात सापडतो, आणि एकूण काम सरासरी २१ मिनिटांचे असते. हे २१ मिनिटांचे अंतर शिट्टीनंतरच्या पाच-नऊ मिनिटांशेजारी ठेवा. भाष्याची गरज उरत नाही.

११/
यानंतर सिएटलच्या दलातील चार प्रशिक्षकांनी एक नियम हिरिरीने मांडला: आपल्याजवळ हवा किती आहे ते जाणा, आणि शिट्टी वाजण्यापूर्वी बाहेर असाल अशा बेताने ती वापरा. अमेरिकन मानकाने २०१३ च्या आवृत्तीत सूचनेचा बिंदू सिलिंडरच्या २५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर नेला. पुष्कळांनी याला ‘प्रश्न सुटला’ असे म्हटले. माझे मत वेगळे आहे. उंबरठा वर नेल्याने राखीव हवा वाढली, हे चांगलेच. परंतु शिट्टीला केवळ दाब कळतो. दार किती दूर आहे ते तिला ३३ टक्क्यांवरही कळत नाही. जो शिट्टी हाच निघण्याचा इशारा मानतो, त्याला वाढीव हवा मिळेल, हिशेब मिळणार नाही.

१२/
एक आक्षेप मात्र गंभीर आहे: आत मूल अडकले असताना जवानाने दाबमापक पाहायचा का? होय, तेव्हा तर आवर्जून. कारण मूल सापडेल तेव्हा परतीची वाट अधिक जड असेल, श्वास अधिक लागेल. हवा संपलेला जवान त्या मुलाला वाचवू शकत नाही. उलट आणखी बारा जणांना आत ओढतो. परतीचा दाब ठरवणे म्हणजे मुलाला सोडून देणे नव्हे. भरलेला सिलिंडर घेऊन पुढची तुकडी कोणत्या क्षणी आत शिरावी, हे आधीच ठरवणे होय.

१३/
म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. यापुढे असा मृत्यू वाचाल तेव्हा ‘तो किती शूर होता’ एवढ्यावर थांबू नका. विचारा: तो आत किती दाबावर गेला? पोचेपर्यंत किती खर्च झाला? कोणत्या आकड्यावर वळायचे ते ठरले होते का? आणि दाराशी पाटी घेऊन कोण उभे होते? स्मिथफील्डच्या त्या दोघांचे स्मारक उभारताना हे प्रश्न वगळले, तर आपण दगड पुजू आणि त्यांनी किंमत मोजून शिकवलेली वजाबाकी विसरू.