भाच्याचा क्लास, मामाची परीक्षा

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉप बंद करून सटकणार, तेवढ्यात ताईचा फोन. ‘अरे, चिरंजीवांना अल्जिब्रात चाळीसपैकी सतरा! क्लासवाले म्हणतात, उद्यापर्यंत पूर्ण फी भरली तर दहा हजार डिस्काउंट. भरू का?’ दहावीतला भाचा, सहामाहीचा पेपर आणि घरात सुतकी वातावरण. घरातला कमावता, बिनलग्नाचा मामा अशा वेळी आपोआप एज्युकेशन कन्सल्टंट होतो. तुमच्याही नशिबी हे येणार आहे, बॉस!

म्हटलं, ‘ताई, पैसे राहू दे. आधी तपासलेला पेपर दाखव.’ सतरा या आकड्यावरून काहीच कळत नाही. गेलेले तेवीस मार्क कुठे गेले, ते बघावं लागतं. रविवारी आम्ही दोघं पेन्सिल घेऊन बसलो. वेळ संपला म्हणून सुटलेले सहा. प्लस-मायनसच्या गफलतीत आणि बेरजेत गेलेले पाच. आणि सुरुवातच जमली नाही असे तब्बल बारा.

पहिल्या दोन ढिगांसाठी क्लास लागत नाही. घड्याळ लावून घरी दोन-दोन तासांचे पेपर सोडवायचे आणि कुणीतरी ते तपासायचे, एवढं पुरतं. (घरात ते ‘कुणीतरी’ नसेल, तर फक्त टेस्ट सिरीज घ्यावी, वर्षभराची बॅच नाही.) खरा प्रश्न त्या बारा मार्कांचा. त्यासाठी ती गणितं त्याला पुन्हा दिली. वेळेचं बंधन नाही, पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण समोर उघडं. ते बघून पुढचं गणित जमलं, तर सराव कमी पडतोय. उघड्या पुस्तकातलीही एखादी पायरी ‘ही कुठून आली?’ असं वाटत असेल, तर मात्र शिकवणारा माणूस हवा.

भाचेबुवा अडकले ते वर्गसमीकरणात. x² − x − 12 = 0. गुणाकार −12 आणि बेरीज −1 येईल अशा दोन संख्या हव्यात, म्हणजे −4 आणि 3. यानं घेतल्या 4 आणि −3. गुणाकार बरोबर, बेरीज मात्र +1. बेरीजही तपासायची असते, हेच त्याला माहीत नव्हतं. म्हणजे दुखणं दहावीचं नव्हतंच, आधीच्या इयत्तांतले अवयव कच्चे होते. दहावीच्या बॅचमध्ये ते कुणी पुन्हा शिकवत बसत नाही, तिथे पोर्शन संपवायची घाई. साठ जणांत हा मागच्या बाकावर बसून फळा उतरवून घेणार, आणि वही मस्त भरलेली बघून ताई खूश!

तेव्हा ठरलं, आठवड्यातून दोनदा घरगुती शिकवणी, तीही दोन महिनेच. तीन सरांकडे भाच्याला त्याच पेपरासकट नेलं. पहिल्यांनी पेपर बाजूला ठेवून त्यांच्या टॉपर्सची नावं सांगितली. दुसऱ्यांनी सगळी गणितं स्वतःच झरझर सोडवून दाखवली. आम्ही इम्प्रेस झालो, भाच्याच्या हातात पेन आलंच नाही. तिसऱ्या होत्या एक निवृत्त बाई. त्यांनी पेन त्याच्याकडे दिलं आणि विचारलं, ‘इथे चार का घेतलास?’ तो बोलेपर्यंत त्या गप्प बसल्या. बाई फायनल!

मोठा क्लासच लावायचा असेल, तर होर्डिंगवरचे फोटो मोजू नका. गेल्या वर्षी पन्नास-साठ टक्के मिळालेल्या एखाद्या मुलाला गाठा आणि विचारा, वही कोण तपासायचं? डेमो देणारे सरच वर्षभर शिकवणार का, हे लेखी घ्या. फोटोतला टॉपर नेमका कुठला कोर्स करत होता हेही विचारा. नोव्हेंबर 2024 च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नियमांनुसार जाहिरातीत ते लपवता येत नाही. आणि पूर्ण फी एकदम? नको रे बाबा. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की मुलानं मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी. पण त्या सूचना राज्यांसाठी आहेत, पन्नासहून अधिक मुलांच्या क्लासेसना लागू होतात, आणि काउंटरवर वाद घालायला जाणार कोण? त्यापेक्षा हप्ते आणि फी-परतीची अट पावतीवर लिहून घेतलेली बरी. ‘उद्यापर्यंतच’वाला डिस्काउंट पुढच्या आठवड्यातही असतो. ताईनं सोमवारी सहज फोन करून बघितलं, होता!

चार आठवड्यांनी मी आकडे बदलून तसलीच सहा गणितं दिली. चार बरोबर. उरलेल्या दोनमध्ये सुरुवात ठीक, शेवटी मायनस खाल्लेला. बाईंच्या लाल पेनानं त्याच्याखाली लिहिलंय, ‘बेरीज तपासलीस का?’ शनिवारी तीच दोन पुन्हा करून न्यायची आहेत, आणि बाईंनी निरोप पाठवलाय, मामानं शेजारी बसायचं नाही.