नागमोडी चमक आणि लकव्याची भीती

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा ‘डोळ्यांपुढे चमचम झाली’ या तक्रारीला घरोघरी एक तयार उत्तर असते: ऊन लागले, पित्त चढले, जरा पड. ज्या घराने लकवा पाहिला आहे तिथे उलट टोक गाठले जाते: मेंदूत गाठ अडकली, गाडी काढा. दोन्ही उत्तरे देणारे ‘काय दिसले’ एवढेच विचारतात. ते कसे सुरू झाले, किती वेळ टिकले आणि कोणत्या डोळ्याला दिसले, हे विचारायचे राहून जाते. निदान मात्र याच तीन प्रश्नांवर ठरते.

समजा, धुळ्यातल्या पस्तिशीच्या एका शिक्षिकेला वह्या तपासताना ओळीतली काही अक्षरे दिसेनाशी झाली. पाच मिनिटांत त्या जागी झगमगती, किल्ल्याच्या तटासारखी दातेरी कड उमटली. ती कोयरीसारखी वळत मोठी होत गेली आणि कडेला सरकली. तिच्या मागे काही दिसेना. पंचवीस मिनिटांत सगळे ओसरले आणि मग अर्धे डोके ठणकू लागले. हा अर्धशिशीचा ऑरा.

त्याचा संथपणा हीच त्याची खूण आहे. कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला स्वतःलाच असा ऑरा येई. नजरेतला आंधळा डाग कसा पसरतो याची तो चित्रे काढत असे. 1941 मध्ये त्याने त्यावरून गणित मांडले: मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने पुढे सरकत असावे. 1944 मध्ये ब्राझीलच्या अरिस्तिदेस लेआंव यांना सशांच्या मेंदूवर अशीच संथ लाट आढळली. लाट पोचते तिथल्या पेशी आधी चेतवल्या जातात, म्हणून झगमग. मग त्या काही काळ गप्प होतात, म्हणून आंधळा डाग. हीच लाट पुढे गेली तर बोटांच्या मुंग्या हळूहळू हातावरून ओठापर्यंत चढतात.

रक्ताची गुठळी असा प्रवास करत नाही. नस बंद झाली की तिच्या वाट्याचा भाग एकदम निकामी होतो. म्हणून लकव्याच्या झटक्यात दृष्टी बहुधा क्षणात जाते, तिथे झगमग नसते, आणि हात, चेहरा किंवा वाचा गेली तर तीही सोबतच जाते.

आता दुसरा माणूस घेऊ: चोपड्याकडचा साठीतला, मधुमेह असलेला शेतकरी. एका डोळ्यावर वरून करडा पडदा उतरला, पाच मिनिटांत निघून गेला; डोके दुखले नाही, चमकही नाही. ‘उन्हाने झाले’ म्हणून तो पुन्हा केळीच्या बागेत गेला. घाबरलेल्या शिक्षिकेपेक्षा या निर्धास्त माणसाचीच काळजी अधिक केली पाहिजे. मानेच्या रोहिणीतून सुटलेला कण डोळ्याची नस क्षणभर अडवून पुढे सरकला असण्याची शक्यता आहे, आणि असा कण पुढच्या काही दिवसांत मेंदूत अडकू शकतो. दृष्टी परतली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठून मानेच्या नसांची आणि हृदयाची तपासणी करायला हवी. उन्हाची सबब अगदीच खोटी नाही. प्रखर उजेड, उपास, पाणी कमी पडणे यांनी अर्धशिशी उठते. पण ज्याला ती आहे त्यालाच.

चमचम सुरू असतानाच एकेक डोळा हाताने झाकून पाहावा. ‘उजव्या डोळ्यात होते’ असे सांगणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा उजवा भाग बिघडलेला असतो. कोणताही डोळा झाकला तरी तेच दिसत असेल, तर मूळ मेंदूत आहे. तिथे अर्धशिशी की झटका हे वेग आणि वेळ ठरवतात. एकाच डोळ्यात असेल, तर शोध त्या डोळ्याचा आणि त्याच्या रक्तपुरवठ्याचा घ्यायचा. डोळ्याचा आतला पडदा ओढला जातो तेव्हा कडेला विजेसारखी क्षणिक चमक दिसते, अंधारात आणि नजर हलवताना अधिक. सोबत नव्या काळ्या माश्या तरंगू लागल्या किंवा कडेने सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा तपासायला हवा. मोठ्या मायनस नंबरचा चष्मा असणाऱ्यांना आणि मोतीबिंदू काढलेल्यांना हा धोका जास्त.

धुळे-नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिथल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आढळतो, आणि तो तरुण वयातही मेंदूच्या व डोळ्याच्या नसा अडवतो. तिथे ‘वय लहान आहे, अर्धशिशीच असेल’ हा तर्क चालत नाही.

या खुणांनाही मर्यादा आहेत. आयुष्यातला पहिलाच ऑरा, पन्नाशीनंतर सुरू झालेला, तासापेक्षा लांबलेला किंवा नेहमीपेक्षा वेगळा ऑरा घरी बसून ओळखू नये. उतारवयात डोकेदुखीविना ऑरा येतो हे खरे, पण ते बाकीचे तपासल्यावर म्हणायचे. हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर पंचवीस मिनिटे वाट पाहायची नसते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅननंतरच देता येते. आणि रावेर किंवा शिरपूरहून जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यातच त्यातला मोठा वेळ जातो. 108 ला फोन करताना रुग्ण शेवटचा ठीक कधी होता, ती वेळ घड्याळात पाहून सांगावी. डॉक्टर तास तिथूनच मोजतात.