माफीनामा घेऊन घरी येऊ नका. वर्षाच्या आत दावा लावा

दोंडाईच्यासारख्या गावातही आता काचेच्या दारांची, थंड हवेची, गणवेशातल्या गार्डची मोठी दुकाने आली आहेत. माल आपल्या हाताने उचलायचा, टोपलीत टाकायचा आणि बिलाच्या रांगेत उभे राहायचे. पूर्वी किराणा दुकानात शेठ गल्ल्यावर बसायचा आणि माल नोकर काढून द्यायचा. आता माल उघडा आहे, म्हणून नजर गिऱ्हाइकावर आहे. ही नजर सगळ्यांवर सारखी नसते, हे आमच्या वस्तीतल्या कोणत्याही पोराला सांगावे लागत नाही. कोणाची पिशवी दारात तपासायची आणि कोणाला नमस्कार करून दार उघडायचे, हे गार्डच्या डोळ्यांना कपड्यांवरून, भाषेवरून, रंगावरून आपोआप कळते. हे 'आपोआप' म्हणजेच जात.

एक प्रसंग कल्पून पाहू. बी.ए.ला शिकणारी मुलगी अशा दुकानात जाते, ३४० रुपयांचे सामान घेते, बिल करते. दारात गार्ड पिशवी उघडायला लावतो. आत घरून आणलेली, अर्धी वापरलेली क्रीमची डबी निघते. "आत चला, साहेबांशी बोला." ती मुकाट्याने जाते. मागे गोदामालगत छोटी खोली आहे. दार उघडेच आहे, पण दाराशी गार्ड उभा आहे. मोबाइल काढून घेतात, पिशवी पालथी करतात, एका महिला कर्मचाऱ्याकडून अंगझडती होते. मग कागद पुढे येतो: 'मी चोरी केली, माफ करा' असे लिही, वर दहापट दंड भर. भिंतीवर तशी पाटीच लावलेली असते. दोन तासांनी आई येते, "मनी पोर चोर नही शे" म्हणून हात जोडते. मग कोणीतरी कॅमेऱ्याचे चित्रण पाहतो, त्यात काहीच नसते. "गैरसमज झाला, जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यकर्ते दुकानावर जातो. घोषणा होतात, मॅनेजर घाबरतो, लेखी माफीनामा देतो, त्याचा फोटो ग्रुपवर पडतो, जय भीम होतो. आमचे म्हणणे असे की नेमक्या याच ठिकाणी आपण हरतो.

पहिला प्रश्न, गार्डला अडवण्याचा अधिकार किती? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे खासगी माणूस दुसऱ्याला अटक करू शकतो, पण फक्त तेव्हाच, जेव्हा त्याच्या समक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र असा, म्हणजे दोन्ही प्रकारांत बसणारा गुन्हा घडतो, किंवा समोरचा फरार घोषित केलेला गुन्हेगार असतो. 'समक्ष' हा शब्द महत्त्वाचा आहे. संशय आला, कोणी तरी सांगितले, चेहरा पटला नाही, यातले काहीच 'समक्ष' नव्हे. आणि अटक केलीच, तर विनाविलंब, जास्तीत जास्त ६ तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. हे ६ तास पोलिसांपर्यंत पोचवण्यासाठी आहेत, खोलीत बसवून कबुली काढण्यासाठी नव्हेत.

त्यातही एक बारकावा आहे, तो वकिलांच्याही लक्षात पटकन येत नाही. नव्या न्याय संहितेत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा किंमत परत केली, तर समाजसेवेच्या शिक्षेपर्यंत खाली आणली आहे, आणि परिशिष्टात हा प्रकार अदखलपात्र व जामीनपात्र ठेवला आहे. मग क्रीमच्या डबीसाठी कलम ४० ची अटक टिकणार कशी? मालकाला आपली वस्तू वाचवण्याचा हक्क आहे, दारात थांबवून 'ही आमची आहे का' विचारण्याइतका तो हक्क आहे असे धरू. पण वस्तू वाचवणे आणि माणूस कोंडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झडतीचेही तसेच. खासगी माणसाने अटक केली असली, तरी झडती घेण्याचा अधिकार कायदा त्याला देत नाही; ज्या पोलिसाच्या ताब्यात माणूस दिला त्याला देतो. 'दहापट दंड' ही पाटी तर निव्वळ कागद आहे. दंड न्यायालय करते, दुकान नाही.

दुकानदार म्हणेल, "आम्ही कोंडले कुठे? दार उघडे होते, ती स्वतः आत आली." याला उत्तर कायद्याच्याच पुस्तकात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ मध्ये गैररीत्या बंदिस्त करण्याची जी उदाहरणे दिली आहेत, त्यातल्या एकात कुलूप नाही. इमारतीच्या वाटांवर बंदूकधारी माणसे उभी केली आहेत, एवढेच. निघालीस तर अडवू, हे कळणे पुरेसे आहे. १९१९ साली इंग्लंडमध्ये एका विमान कारखान्यातल्या कामगाराला वार्निश चोरल्याच्या संशयावरून कंपनीच्या खोलीत बसवले होते, बाहेर कंपनीचे पहारेकरी होते आणि त्याला ते माहीतही नव्हते. तरी न्यायालयाने ती बेकायदा कैद मानली. त्याआधी १९१४ मध्ये रेल्वे स्थानकावरच्या पुस्तकविक्रेत्या कंपनीने आपल्याच नोकराला पुस्तकचोर समजून पकडले. तो निर्दोष ठरला आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. नुसता सबळ संशय पुरत नाही, चोरी खरोखर झालेली पाहिजे, हे तिथे ठरले. आपल्याकडचा 'समक्ष' हा शब्द त्याहूनही कडक आहे.

गैररीत्या बंदिस्त करण्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कबुली काढण्यासाठी किंवा माल परत मिळवण्यासाठी कोंडले असेल, तर शिक्षा ३ वर्षांपर्यंत जाते. म्हणजे तो माफीचा कागद, जो मुलीकडून लिहून घेतला, तोच दुकानाविरुद्धचा सर्वात मोठा पुरावा आहे. त्याचा फोटो काढा, प्रत मागा. गुन्हा दखलपात्र आहे. ठाण्यात "एनसी करून घेतो" म्हणाले तर ऐकू नका. नोंद नाकारली तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. त्याच दिवशी दुकानाला लेखी कळवा की अमुक वेळेचे चित्रण जपून ठेवा. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, आणि आपण त्या दिवसांत घोषणा देत असतो.

आता आमच्या चळवळीतला नेहमीचा प्रश्न: "अॅट्रॉसिटी लागेल का?" लागू शकते. जातीवाचक बोलले, किंवा अनुसूचित जातीची आहे म्हणून लोकांसमोर अपमान केला, तर जरूर लागते. (नवबौद्धांना १९९० च्या दुरुस्तीनंतर हे संरक्षण आहे, जातीचा दाखला मात्र तयार ठेवा.) पण २०२० च्या हितेश वर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की अपमान लोकांच्या नजरेसमोर, आणि जातीमुळेच, झालेला असावा लागतो. गोदामालगतच्या खोलीत, जात न विचारता, न बोलता झालेला छळ या चौकटीत बसवताना वकिलाचा घाम निघतो. गार्डच्या डोळ्यांत जात होती, हे आम्हाला दिसते. पण न्यायालयात डोळे हजर करता येत नाहीत. मग प्रकरण पडते, आणि 'कायद्याचा गैरवापर' म्हणून बोंब मारायला ते लोक तयारच असतात.

बेकायदा कैदेच्या भरपाईच्या दिवाणी दाव्यात जात सिद्ध करावी लागत नाही. हेतूही सिद्ध करावा लागत नाही. मुलीने एवढेच दाखवायचे की मला अडवून ठेवले होते. ते कायदेशीर होते हे सिद्ध करण्याचा भार दुकानावर येतो. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: अॅट्रॉसिटीचा मुद्दा असेल तर तो लढाच, पण दिवाणी दावा त्याच्यावर टांगून ठेवू नका.

कारण मुदत. मुदतीच्या कायद्यात बेकायदा कैदेच्या भरपाईसाठी फक्त १ वर्ष आहे, आणि ते सुटका झाली त्या दिवसापासून मोजतात. बदनामीच्या दाव्यालाही १ वर्षच. फौजदारी खटल्याचा निकाल लागू दे, मग बघू, म्हणणारा माणूस दावा गमावून बसतो.

दावा कोणावर? गार्ड, त्याची एजन्सी आणि दुकानमालक, तिघांवर. गार्डवर एकट्यावर मुळीच नको. तो बहुतेकदा आपलाच, आदिवासी नाहीतर दलित घरातला पोरगा असतो, बारा तास उभा राहतो. खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ चा आहे. त्याखाली एजन्सीला परवाना लागतो आणि गार्डला प्रशिक्षण द्यावे लागते. ते दिले का, हा प्रश्न मालकाला विचारायचा. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीची जबाबदारी मालकावर येते, हे तत्त्व इथे आपल्या बाजूचे आहे.

रक्कम किती मिळेल? ठरलेला तक्ता नाही, आणि लाखोंची स्वप्ने दाखवणाऱ्या वकिलापासून दूर राहा. किती वेळ कोंडले, झडती कशी घेतली, कोणासमोर, माफी केव्हा मागितली, यावर ती ठरते. आपल्या न्यायालयांचा हात या बाबतीत आखडताच आहे. खोट्या कारणाने पोलिसांकरवी अटक करवणाऱ्याकडून दंडाधिकारी जी भरपाई देववू शकतो, ती आजही १,००० रुपयांच्या आत आहे! दुसरीकडे, केरळमध्ये मोबाइल चोरल्याचा खोटा आळ घेऊन आठ वर्षांच्या दलित मुलीला रस्त्यावर रडवणाऱ्या महिला पोलिसाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने दीड लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. तिथे समोर सरकार होते. खासगी दुकानाविरुद्ध तशी रिट चालत नाही, दिवाणी दावाच लागतो.

खर्चाचे म्हणाल, तर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, न्यायालयीन शुल्काचीही सोय होते. शिंदखेड्याची तालुका समिती किंवा धुळ्याचे जिल्हा प्राधिकरण, अर्ज तिथे.

"क्रीमच्या डबीसाठी कोण वर्षानुवर्षे कोर्टात जाईल?" असे आमचेच मित्र विचारतात. याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबले आणि ठेचून मारले. दुकान आणि राईनपाडा एक नव्हे, हे आम्हालाही कळते. पण संशयितासारखा दिसणाऱ्याला खोलीत घालण्याचा हक्क कोणालाही आहे, ही समजूत दोन्हीकडे तीच आहे. आणि वर्षांचे म्हणाल, तर महाडच्या तळ्यावर बाबासाहेब १९२७ साली गेले, सवर्णांनी त्यांच्यावर लावलेला दिवाणी दावा मात्र मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संपला. त्याच वर्षीच्या ३१ जुलैला ते एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. दरवर्षी त्या तारखेला आपण हजारोंनी तिथे जातो. यंदा जाताना दोंडाईचा, शिंदखेडा, शिरपूरकडच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातल्या अशा प्रकरणांच्या तारखा लिहून आणाव्यात. ज्यांना अजून वर्ष झालेले नाही, त्यांचे अर्ज तिथेच बसून भरू.

जय भीम.